‘पण’पाशी थांबलेलं वाक्य

चॅटबॉटकडून काही लांबलचक लिहून घेताना उत्तर मध्येच तुटतं, हा अनुभव आता बहुतेकांना आहे. वाक्य चाललेलं असतं, पूर्णविरामाचा पत्ता नसतो आणि पुढे नुसता कोरा पडदा. मग आपण टाइप करतो, ‘पुढे चालू ठेव’. ते चालू होतंही. अडचण तिथेच आहे, कारण चालू झालं म्हणजे नेमकं तिथूनच चालू झालं असं आपण धरून चालतो. दोन तुकडे एकाखाली एक चिकटवले की मजकूर वरवर अखंड दिसतो. सांध्यापाशी काय गळलं, काय दोनदा आलं आणि पुढच्या भागाची भाषा कुठे सरकली, हे कोणी शोधायला बसत नाही.

हे एका प्रत्यक्ष कामावरून सांगते. आमच्या मंडळातल्या एका मैत्रिणीने फादर थॉमस स्टीफन्स आणि त्यांचं ख्रिस्तपुराण यांवर इंग्रजीत लेख लिहिला होता. चोवीस परिच्छेद, साधारण सव्वीसशे शब्द. तो मराठीत आणायचा होता. पहिला कच्चा खर्डा चॅटबॉटकडून घ्यायचा आणि मग दोघींनी बसून तो ओळीओळीने नीट करायचा असं ठरलं. लेख चिकटवण्याआधी मी प्रत्येक परिच्छेदाच्या सुरुवातीला चौकटी कंसात आकडा टाकला, [१] ते [२४], आणि अनुवादातही तेच आकडे ठेवायला सांगितलं. या आकड्यांचा उपयोग पुढे कळेल.

उत्तर पंधराव्या परिच्छेदात थांबलं. शेवटचे शब्द असे होते: ‘ख्रिस्तपुराणाच्या १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन आवृत्त्या निघाल्या, पण’. बस्स. ‘पण’च्या पुढे काही नाही.

मूळ लेखात त्या ‘पण’नंतर जे होतं तेच त्या परिच्छेदाचं सार होतं. या तिन्ही आवृत्त्यांपैकी एकाचीही छापील प्रत आज उपलब्ध नाही, आपण वाचतो ते नंतरच्या हस्तलिखितांच्या आधाराने. सोळावा परिच्छेद पुढे १९०७ साली जे. एल. सालढाणा यांनी मंगळूरहून काढलेल्या आवृत्तीकडे वळतो. आता समजा, पंधरावा परिच्छेद ‘तीन आवृत्त्या निघाल्या’ एवढ्यावरच मिटला आणि लगेच सोळावा सुरू झाला. वाचणाऱ्याला वाटेल, जुन्या प्रती कुठल्यातरी ग्रंथालयात सुखरूप असतील आणि सालढाणांनी त्या पाहून पुन्हा छापल्या असतील. एक अर्धं वाक्य गळलं आणि ग्रंथाचा इतिहासच उलटा झाला. भाषा शुद्ध, व्याकरण ठीक, म्हणून मुद्रितशोधनातही ते सापडणार नाही.

आधी हे उत्तर तिथेच का थांबलं, ते पाहू. मॉडेल शब्द शब्द करून लिहीत नाही, टोकन नावाच्या तुकड्यांत लिहितं. टोकन म्हणजे कधी पूर्ण शब्द, कधी अर्धा, कधी नुसती एक मात्रा. एका उत्तरात जास्तीत जास्त किती टोकन बाहेर पडू द्यायचे याची मर्यादा ते चालवणाऱ्यांनी घातलेली असते. ती भरली की लेखन तोडलं जातं, मग वाक्य कुठेही असो. यात मराठीवर जरा जास्त बोजा पडतो. इंग्रजीचा नेहमीचा शब्द बहुतेक वेळा एकाच टोकनात बसतो. देवनागरी शब्दाचे दोन, तीन किंवा त्याहून जास्त तुकडे पडतात. नेमकं प्रमाण प्रत्येक मॉडेलचं वेगळं, पण मराठीला जागा जास्त लागते हे सगळीकडे दिसतं. म्हणून जो लेख इंग्रजीत आत जाताना काहीच कुरकुर झाली नाही, तोच मराठीत बाहेर येताना अर्ध्यावर अडकतो.

तरी प्रत्येक थांबणं मर्यादेचं नसतं, आणि ओळखायला खुणा आहेत. वाक्याच्या मध्ये, शब्दाच्या मध्ये, विरामचिन्हाशिवाय तुटलं असेल तर बहुधा मर्यादा. (इंटरनेट गेलं तरी असंच तुटतं, पण तेव्हा सहसा पडद्यावर चूक झाल्याची काहीतरी सूचना येते.) देवनागरीत ही तूट फार मजेशीर जागी होऊ शकते. ‘ख्रि’ हे आपल्याला एक अक्षर वाटतं, संगणकाला ते ख, हलन्त, र आणि इकार असे चार वेगळे घटक वाटतात. त्यामुळे उत्तर ‘ख्’पाशीही थांबू शकतं. कधी एखाद्या घटकाच्याही आतच तुकडा पडतो आणि अक्षराऐवजी चौकटीतलं प्रश्नचिन्ह � दिसतं. उलट, उत्तर पूर्ण वाक्यावर व्यवस्थित संपलं, शेवटी ‘उर्वरित परिच्छेदही याच पद्धतीने करता येतील’ असं काहीतरी आलं, तर ती मर्यादा नव्हे. तिथे मॉडेलने काम आपणहून आटोपतं घेतलं. त्याला ‘तू अर्ध्यावर थांबलास’ म्हणून उपयोग नाही, ‘[१५] ते [२४] बाकी आहेत’ असं सांगावं लागतं. जे प्रोग्राम लिहून थेट मॉडेल वापरतात त्यांना ही शंका घ्यावी लागत नाही, उत्तराबरोबर कारणही येतं: ओपनएआयच्या पद्धतीत `finish_reason` समोर `length`, अँथ्रॉपिकच्या पद्धतीत `stop_reason` समोर `max_tokens`. आपण साध्या चॅटच्या खिडकीत काम करणारे, तेव्हा शेवटची ओळ वाचून ओळखायचं.

आता ‘पुढे चालू ठेव’ या तीन शब्दांचं काय होतं ते. हे मी मुद्दाम करून पाहिलं. तेच तुटलेलं उत्तर, तोच संदेश, चार-पाच वेळा पुन्हा उत्तर मागवून. एकदा त्याने चौदावा परिच्छेद पहिल्यापासून, थोड्या वेगळ्या शब्दांत, परत लिहिला आणि मग पंधराव्यावर गेलं. एकदा सरळ सोळाव्यापासून सुरुवात केली, ‘पण’ तसाच लटकत राहिला. एकदा आधी पुढचा भाग देत असल्याची दोन वाक्यांची प्रस्तावना केली आणि मग बरोबर तुटलेल्या जागेवरून धागा उचलला. म्हणजे कधी जमतं, कधी नाही, आणि कोणत्या वेळी काय होईल ते आधी सांगता येत नाही.

असं का होतं हे समजून घेतलं की उपाय आपोआप सुचतो. आपल्याला वाटतं, लिहिणारा पेन हातात धरून थांबलाय, खूण केली की तिथूनच रेघ पुढे ओढेल. मॉडेलकडे असं थांबलेलं पेन नसतं. प्रत्येक वेळी ते आतापर्यंतचा सगळा संवाद वाचतं, माझा इंग्रजी लेख, त्याचं तुटलेलं उत्तर, माझे ते तीन शब्द, आणि त्यानंतर काय येणं स्वाभाविक आहे ते एकेक तुकडा करून लिहीत जातं. आता तुटलेला ‘पण’ आणि नवा मजकूर यांच्यामध्ये माझा संदेश येऊन बसला आहे, आणि त्याच्यापुढे एक नवंकोरं उत्तर सुरू व्हायचं आहे. नवं उत्तर सहसा अर्ध्या वाक्याने सुरू होत नाही. ते पूर्ण वाक्याने, बऱ्याचदा प्रस्तावनेने सुरू होतं, मॉडेलने शिकताना पाहिलेली असंख्य उत्तरं तशीच आहेत. म्हणून ते सोयीची पूर्ण सुरुवात शोधतं. ती मागे सापडली तर पुनरुक्ती होते, पुढे सापडली तर गळती.

(काही चॅटबॉटमध्ये तुटलेल्या उत्तराखाली ‘पुढे लिहा’ अशा अर्थाचं बटण येतं. ते असेल तर आधी तेच दाबावं. त्यात मध्ये आपला संदेश येत नाही, तेच उत्तर पुढे वाढतं, त्यामुळे सांधा बहुतेक वेळा चांगला बसतो. तरी वाचून पाहायचा.)

पुनरुक्तीचा वैताग येतो म्हणून पुष्कळजण संदेशात एवढंच जोडतात: ‘आधीचं पुन्हा देऊ नकोस.’ माझ्या मते हा सगळ्यात धोक्याचा उपाय आहे. पंधराव्या परिच्छेदाचा एक भाग आधी आलेला आहे. ‘आधीचं नको’ म्हटल्यावर अख्खा पंधरावा झाला असं धरून सोळाव्यावर उडी मारायला मॉडेलला आपणच कारण देतो. मी ही ओळ घालून पाहिली तेव्हा पुनरुक्ती खरंच थांबली आणि ‘पण’ जास्त वेळा हरवला. पुनरुक्ती डोळ्यांना दिसते, ती कापायला एक मिनिट लागतं. गळलेलं वाक्य दिसत नाही, कारण ते तिथे नसतंच. तेव्हा दोन्हींत निवडायचंच झालं तर थोडी पुनरुक्ती परवडली.

पण निवडायची गरज नाही. ‘काय नको’ यापेक्षा ‘कुठून हवं’ हे नेमकं सांगायचं, आणि ते ‘कुठून’ अर्ध्या वाक्यात ठेवायचं नाही. तुटलेला तुकडा जोडायच्या भानगडीत पडूच नये. मी पंधरावा परिच्छेद जेवढा आला होता तेवढा माझ्या फाइलमधून चक्क पुसून टाकला. [१४]चा पूर्णविराम हा माझा शेवट, [१५]चं पहिलं अक्षर ही पुढची सुरुवात. शिवणकामात उसवलेली शिवण दुरुस्त करताना तुटल्या जागीच टाका घालत नाहीत, थोडं मागे, घट्ट शिवणीवरून सुरुवात करतात. तसंच हे. देवनागरीत तर याचा आणखी एक फायदा आहे. उत्तर ‘ख्’वर तुटलं आणि पुढचं ‘ख्रिस्त’ने सुरू झालं तर जोडल्यावर ‘ख्ख्रिस्त’ होतं. पूर्ण परिच्छेदापाशी सांधा घेतला की हा प्रश्नच उरत नाही.

मग पाठवलेला संदेश असा होता:

> परिच्छेद [१५] पहिल्या वाक्यापासून नव्याने अनुवादित कर, आधी अर्धा आलेला तुकडा रद्द समज. [१५] ते [१९] एवढेच पाच परिच्छेद दे आणि [१९] संपल्यावर थांब. प्रस्तावना किंवा सारांश नको, पहिली खूण [१५] हीच असावी. प्रत्येक परिच्छेद स्वतंत्र ठेव, एकत्र किंवा छोटा करू नकोस. हे शब्द असेच ठेव: फादर स्टीफन्स, ख्रिस्तपुराण, येशूसंघ, साष्टी, रायतूर, मिस्सा. भाषा [१३] आणि [१४] मधल्यासारखी.

आणि त्याखाली [१५] ते [१९] यांचा इंग्रजी मजकूर पुन्हा चिकटवला.

यातल्या दोन गोष्टींबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. पहिली, पाचच परिच्छेद का. आधीच्या फेरीत चौदा परिच्छेद पूर्ण आणि पंधराव्याचा काही भाग बसला होता. उरलेले दहा एका फेरीत बसायला हरकत नव्हती. पण शेवटचे परिच्छेद लांब होते, आणि मॉडेलला स्वतःची किती जागा उरली आहे याचा भरवशाचा अंदाज नसतो. ‘मर्यादेत बसव’ म्हटलं तर ते बसवतंही, पण मजकूर चेपून. तेव्हा मर्यादेच्या बरंच अलीकडे, आपण ठरवलेल्या जागी थांबवणं चांगलं. थांबणं आपल्या हातात आलं की सांधा परिच्छेदाच्या शेवटी पडतो, मर्यादेच्या मर्जीने ‘पण’वर नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे ती सहा शब्दांची यादी. पुनरुक्ती आणि गळती सांध्यापाशी घडतात. भाषा मात्र सांध्यानंतर हळूहळू सरकते. ‘पुढे चालू ठेव’ने मिळालेला एक पूर्ण खर्डा मी ठेवला होता, त्यात हे स्वच्छ दिसतं. पहिल्या चौदा परिच्छेदांत ‘मिस्सा’ होती, अठराव्यात ती ‘प्रार्थनासभा’ झाली. कॅथलिक वाचकाला हा फरक सांगायला नको. मिस्सा हा ठरलेला विधी आहे, प्रार्थनासभा कशाचीही असू शकते. ख्रिस्तपुराण कुठे आणि कधी वाचलं जाई यावरच्या परिच्छेदात हा शब्द बदलला तर अर्थच बदलतो. ‘रायतूर’, म्हणजे जिथे हा ग्रंथ १६१६ साली छापला गेला ते गाव, सतराव्या परिच्छेदात ‘राचोल’ झालं. इंग्रजी Rachol अक्षर-अक्षर उतरवलं की तेच होतं. ‘साष्टी’चं ‘सालसेट’ झालं, ते वाचून एखाद्याला मुंबईचं साष्टी बेट आठवलं तर नवल नाही. फादर स्टीफन्सना पहिल्या भागात ‘त्यांनी लिहिलं’ असं आदरार्थी होतं, विसाव्यात अचानक ‘स्टीफन्सने लिहिले’ आलं. ‘लिहिलं’चं ‘लिहिले’ झालं ते वेगळंच.

हे सरकणं कशामुळे? पहिल्या फेरीत मी वर सविस्तर सूचना दिल्या होत्या, कोणत्या वाचकासाठी, कोणत्या बोलीत, कुणाला आदरार्थी. दुसऱ्या फेरीच्या वेळी त्या सूचना बऱ्याच मागे पडल्या होत्या आणि सगळ्यात जवळ होते माझे तीन शब्द. जवळच्या मजकुराचा मॉडेलवर सहसा जास्त पगडा असतो. त्यात आपण घाईत ‘प्लीज कंटिन्यू’ असं इंग्रजीत टाइप केलं तर भाषेलाही त्या बाजूचा धक्का बसतो. म्हणून महत्त्वाच्या सूचना प्रत्येक फेरीत नव्याने, शेवटच्या संदेशात द्याव्या लागतात. कंटाळवाणं आहे खरं. पण सगळ्या नाही देत बसायच्या. मी आधी पंचवीस शब्दांची यादी केली होती, मग निम्म्याहून जास्त काढून टाकले. जे शब्द चुकले तर अर्थ बदलतो किंवा आपला वाचक अडखळतो, तेवढेच ठेवले. ‘अनुवाद’ऐवजी ‘भाषांतर’ आलं तर आपण हाताने बदलू शकतो.

मूळ मजकूर पुन्हा चिकटवणं काहींना अनावश्यक वाटेल. संवादात वर आहेच की! तो आहे खरा, पण मॉडेल एका वेळी किती मजकूर डोळ्यांसमोर धरू शकतं यालाही मर्यादा असते, ती उत्तराच्या लांबीच्या मर्यादेहून वेगळी. संवाद फार लांबला की काही ठिकाणी जुना भाग वगळला जातो किंवा त्याचा गोषवारा ठेवला जातो. तसं झालं तर मॉडेल अडत नाही, हीच खरी गोम. मूळ परिच्छेद समोर नसला तरी ते स्टीफन्सवरचं पटेल असं काहीतरी लिहून मोकळं होतं. माझ्या मैत्रिणीने जे लिहिलंच नव्हतं ते तिच्या नावावर छापलं जायचं. पाच परिच्छेद परत चिकटवायला अर्धं मिनिट लागतं.

याच कारणाने शेवटचा तुकडा, [२०] ते [२४], मी नव्या संवादात केला. जुन्या संवादात आतापर्यंत माझे सगळे प्रयोग साठले होते, त्यात ‘मिस्सा’ही होती आणि ‘प्रार्थनासभा’ही, ‘रायतूर’ही आणि ‘राचोल’ही. नाकारलेला मजकूर मॉडेलच्या दृष्टीने नाहीसा होत नाही, तो संवादात राहतो आणि नमुना म्हणून काम करत राहतो. त्यामुळे एखादी फेरी बिघडली तर खाली ‘असं नको, तसं कर’ अशा दुरुस्त्या रचत जाण्यापेक्षा, सोय असेल तिथे आपला आधीचा संदेशच बदलून उत्तर नव्याने मागवावं. फारच गुंता झाला तर नवी खिडकी उघडावी. नव्या खिडकीला तीन गोष्टी पुरतात: शब्दांची यादी, तयार मराठीचे शेवटचे एक-दोन परिच्छेद नमुना म्हणून, आणि उरलेलं मूळ. नमुन्याच्या परिच्छेदांवर ‘हा फक्त भाषेचा नमुना, पुन्हा लिहायचा नाही’ असं लिहायला विसरू नये, नाहीतर उत्तराची सुरुवात त्यांच्यापासूनच होते.

अनुवादाला मूळ संहिता असते, म्हणून आकडे टाकता येतात. निबंध किंवा एखाद्या विषयाचं टिपण असं मोकळं लेखन तुटलं तर आकड्यांचं काम आराखड्याने करायचं. आधी सात-आठ मुद्द्यांचा आराखडा मागवायचा, तो आपण दुरुस्त करायचा आणि मगच एकेक मुद्दा लिहून घ्यायचा. आराखडा नसतानाच तुटलं असेल, तर शेवटचं पूर्ण वाक्य जसंच्या तसं उद्धृत करून ‘याच्या पुढच्या वाक्यापासून’ असं सांगायचं, काय काय सांगून झालंय ते एकेका ओळीत आणि काय उरलंय तेही. इथे आणखी एक घोटाळा ठरलेला असतो. पुढचा भाग आला की मॉडेलला समारोपाची घाई होते आणि दोन परिच्छेदांत ‘अशा प्रकारे’ येऊन ठेपतं. ‘हा समारोप नाही, मधला भाग आहे’ एवढं वाक्य घातलं की ते बरंच आटोक्यात येतं. कथेच्या बाबतीत मात्र माझा अनुभव वाईट आहे. पात्रांची नाती, कोणाला काय ठाऊक आहे, कोण कोणाला ‘अगो’ म्हणतं, हे कुठल्या यादीत बसवणार?

तिन्ही तुकडे हातात आल्यावर तपासणी. तिला आम्हा दोघींना अर्धा तास लागला, आणि त्यातला बराच वेळ सांध्यांवर गेला. आधी आकडे मोजले, [१] ते [२४], एकही गाळलेला नाही, एकही दोनदा नाही. मग प्रत्येक सांध्याच्या आधीचा आणि नंतरचा परिच्छेद मोठ्याने वाचला, एकीने मराठी, दुसरीने इंग्रजीवर बोट ठेवून. तिसरं, इंग्रजीत जितकी सालं आणि नावं आहेत तितकी त्याच परिच्छेदाच्या मराठीत आहेत का ते पाहिलं. गळती पकडायला मला याहून सोपी युक्ती माहीत नाही. वाक्य गळलं की त्यातलं सालही गळतं, आणि साल शोधणं वाक्य शोधण्यापेक्षा सोपं. (‘पण’च्या पुढच्या वाक्यात मात्र एकही साल नव्हतं, म्हणून फक्त या युक्तीवर विसंबून चालत नाही, मोठ्याने वाचायला हवंच.) चौथं म्हणजे लांबी. मराठी परिच्छेद पडद्यावर साधारण इंग्रजीएवढी जागा घेत होते. तेविसावा मात्र निम्माच दिसला. उघडून पाहिलं तर १६४० साली, स्टीफन्स यांच्या मृत्यूनंतर, छापलं गेलेलं त्यांचं कोकणी व्याकरण त्यात एका ओळीत उरकलं होतं, मूळात त्यावर चार वाक्यं होती. तो एकच परिच्छेद त्याचं इंग्रजी देऊन पुन्हा मागवला. शेवटी फाइलमध्ये ‘राचोल’, ‘सालसेट’, ‘प्रार्थनासभा’ शोधून पाहिलं. यादी दिलेली असूनही ‘सालसेट’ एकदा सापडलंच, बाविसाव्यात. हाताने बदललं.

आता लेख मैत्रिणीकडे आहे. तिने पंधराव्या परिच्छेदातला तो ‘पण’ काढून ‘मात्र’ केला आहे, आणि ‘रायतूर’च्या पहिल्या उल्लेखापुढे ‘ज्याला राशोलही म्हणतात’ असं जोडलं आहे. आमच्या वर्गातल्या निम्म्यांना ते गाव त्याच नावाने ठाऊक आहे.